लाल टॅग जॉबला लागतो, माणसाला नाही

लाईनवर एखाद्या पोराची जाहीर फजिती झाली की दुसऱ्या दिवशी काय होतं, हे कारखान्यात चार वर्षं काढलेल्या कोणालाही पाठ असतं. बहुतेक वेळा काहीच होत नाही. साहेब वर ऑफिसात बसून ‘मिटेल आपोआप’ म्हणतात. कधी साहेब तावातावाने खाली येतात, सगळ्यांदेखत एकाला फैलावर घेतात आणि कालच्या एका फजितीच्या आज दोन करून ठेवतात. आणि सगळ्यात सोयीचा मार्ग तिसरा: ज्याची फजिती झाली त्यालाच दुसऱ्या पाळीत ढकलायचं, नाहीतर ठेकेदाराला फोन लावून ‘हा नको, दुसरा पाठवा’ सांगायचं. वाद मिटला म्हणायचं आणि टार्गेटच्या मागे लागायचं.

चाकण-रांजणगाव, सातपूर-अंबड, वाळूज, शिरोली, बुटीबोरी, तिकडे गोव्यातलं वेर्णा, जिथे जिथे तुम्ही शिफ्ट इनचार्ज, सुपरवायझर, लाईन लीडर म्हणून उभे आहात, तिथल्या तुम्हा सगळ्यांना उद्देशून हे लिहितो आहे. उठा, आणि आपल्या माणसांसमोर पाच मिनिटं बोला. एचआरकडून परिपत्रक येईल म्हणून थांबू नका. परिपत्रक नोटीस बोर्डावर लागतं, आणि नोटीस बोर्ड कोण वाचतं हे तुम्हाला माहीत आहे. पण उठून काहीही बोलायचं नाही. या पाच मिनिटांचं एक शास्त्र आहे, आणि ते चुकलं तर न बोललेलं परवडलं.

उदाहरण समोर ठेवतो. ते एका कुठल्या कारखान्याचं म्हणून सांगत नाही. तुम्ही ते आपापल्या शॉपमध्ये ओळखाल. सीएनसी टर्निंगची लाईन. आयटीआय करून आलेला, हिंगोलीकडचा विशीतला ट्रेनी. शाफ्टचा व्यास हळूहळू वाढत चालला होता, म्हणून त्याने टूलचा वेअर ऑफसेट दिला. ०.०२ टाकायचा होता, पडला ०.२. ऑफसेट बदलल्यावर पहिला जॉब मोजायचा असतो; तो त्याने मोजला नाही. पाचव्या जॉबला गेज लावला तेव्हा नो-गो बाजूही जॉबवरून सरळ गेली. पाच जॉब अंडरसाइझ, म्हणजे वाया. बाहेरचा व्यास कमी झाला की वर मटेरियल चढवता येत नाही.

चूक खरीच होती, आणि तिच्यावर बोलायलाच हवं होतं. सेटर आला, मशीन थांबवलं, ऑफसेट दुरुस्त केला. इथवर सगळं रीतसर. मग रिजेक्ट जॉबला लावायचा लाल टॅग त्याने भरला आणि तारेने त्या पोराच्या शर्टाला, पाठीमागे अडकवला. टॅगवर छापील रकाने असतात: पार्ट नंबर, संख्या, कारण, निर्णय. संख्या लिहिली एक. कारण लिहिलं ‘डोकं’. निर्णयाच्या रकान्यात ‘स्क्रॅप’. पोराला पत्ता नव्हता. तो तसाच पाणी प्यायला गेला, तसाच कँटीनच्या रांगेत उभा राहिला. मागून कोणीतरी व्हिडिओ काढला आणि लाईनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. जेवण होईपर्यंत त्याचा स्टिकर झाला होता, आणि पाळी सुटेपर्यंत त्याला नाव पडलं होतं: स्क्रॅप.

कोणी हात उचलला नाही, शिवी दिली नाही. म्हणूनच प्रत्येक जण म्हणतो, अहो, चेष्टा होती.

चेष्टा आणि छळ यांतला फरक कळायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. चेष्टेत ज्याची चेष्टा होते तो उलटून बोलू शकतो. हा ट्रेनी सेटरच्या पाठीला टॅग लावू शकला असता का? सेटरच्या एका शब्दावर त्याचं सर्टिफिकेट अवलंबून, पुढचं कायम होणं अवलंबून. परत फेडता येत नाही ती चेष्टा नसते. दुसरी खूण अशी की चेष्टा तिथल्या तिथे संपते, आणि हे मात्र दुसऱ्या दिवशी नाव होऊन हजेरी लावतं.

‘आम्हीही असंच शिकलो,’ हे यावरचं ठेवणीतलं उत्तर. त्याला मान द्यायला हवा, कारण ते खरं आहे. मुंबईच्या गिरण्यांमध्ये जॉबर नावाचा माणूस होता. कामावर घ्यायचा तो, काढायचा तो, रजा द्यायचा तो, आणि त्याबद्दल दस्तुरी खायचाही तो. त्याच्यासमोर मान वर करणं म्हणजे दुसऱ्या दिवशी गेटबाहेर उभं राहणं. गिरण्या गेल्या, जॉबर गेला; त्याची जीभ मात्र कारखान्याकारखान्यांत मागे राहिली. उस्ताद शिव्या घालतो म्हणजे शिकवतो, असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. पण नीट आठवून बघा. तुम्ही गेज धरायला शिकलात ते शिवीमुळे, की शिवी दिल्यावर त्याच माणसाने हातात हात धरून दाखवलं म्हणून? बरेच जण शिकवण्याचं श्रेय शिवीला देऊन बसले आहेत.

आणि या टॅगची किंमत लाईनने मोजली, ती अशी. पुढच्या आठवड्यात त्याच मशीनवर इन्सर्टची कड उडाली. जॉबवर फिनिश खरखरीत येऊ लागला. पोराला ते दिसलं. आधीचा दिवस असता तर त्याने हाक मारली असती, ‘दादा, जरा बघा ना.’ आता हाक मारायची म्हणजे पुन्हा तमाशा. त्याने खरखरीत जॉब ओके क्रेटमध्ये खाली घातले, वर चांगले रचले. रिजेक्शनचा आकडा त्या दिवशी शून्य होता. साहेब खूश झाले असतील. ते जॉब गिऱ्हाइकाकडे निघाले होते.

शॉपमध्ये छळ चालू आहे हे कशावरून ओळखायचं, असं विचाराल तर आरडाओरड्यावरून ओळखू नका. प्रश्न यायचे बंद होतात, त्यावरून ओळखा. नवा माणूस चार दिवसांत कोणाला काही विचारत नाही, चहाला शेवटी जातो, डबा मशीनच्या मागे खातो, पाळी बदलून मागतो आणि कारण विचारलं तर ‘घरगुती’ म्हणतो. त्याच्या मशीनचं रिजेक्शन अचानक नाहीसं होतं. यातलं शेवटचं लक्षण सगळ्यात वाईट आहे, आणि दुर्दैवाने त्याच्यावर शाबासकी मिळते.

आता बोलण्याकडे येऊ. पण बोलण्याआधी तीन कामं आहेत, आणि तीही एका दिवसातच उरकायची आहेत.

पहिलं, हे प्रकरण तुमच्या अधिकारातलं आहे का ते बघा. जातीवरून अपमान झाला असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. बाईमाणसाला लैंगिक स्वरूपाचा त्रास झाला असेल तर २०१३ चा कायदा आहे, दहा किंवा अधिक माणसं जिथे काम करतात तिथे अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे, आणि तक्रारदाराची, समोरच्याची, साक्षीदाराची ओळख बाहेर फोडायला त्या कायद्यानेच मनाई केली आहे. मारहाण झाली असेल तर पोलीस आहेत. या तिन्हींत ‘बसून मिटवू’ म्हणायचा हक्क तुम्हाला नाही, आणि तुमचं पाच मिनिटांचं भाषण चौकशीची जागा घेऊ शकत नाही. बाकीचा जो रोजचा छळ, टॅगसारखा, त्याच्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही. महाराष्ट्राने रॅगिंगविरुद्ध कायदा केला १९९९ मध्ये, पण तो शिक्षणसंस्थांपुरता. तोच मुलगा सर्टिफिकेट घेऊन कारखान्याच्या गेटातून आत आला की त्याच्यामागे उभे राहायला उरता तुम्ही.

दुसरं काम, ज्याला लागलं त्याला भेटा. मशीनपाशी नको, केबिनमध्ये बोलावणं धाडूनही नको, सगळे बघतात. गेज कॅलिब्रेशनच्या निमित्ताने, स्टोअरच्या निमित्ताने, कसंही. त्याला तीनच गोष्टी विचारा: काय झालं ते तुझ्या तोंडून सांगतोस का; मी उद्या सगळ्यांशी बोलणार आहे, तुझं नाव घेणार नाही, चालेल का; आणि कोणता शब्द मी तिथे उच्चारू नये असं तुला वाटतं. तिसरा प्रश्न फार कामाचा आहे. त्या पोराला ‘स्क्रॅप’ हा शब्द पुन्हा चाळीस कानांवर पडायला नको असेल. तुमच्या तोंडून तो गेला, कितीही चांगल्या हेतूने, तर नाव पक्कं झालं. उद्या काय बोलणार ते त्याला आज ऐकवा. बोलणं ऐकताना त्याला धक्का बसता कामा नये. त्याने तिथे हजर राहायचं की नाही, हेही त्यालाच ठरवू द्या. पण तो नसेल तर आणखी दोघं-तिघं कामानिमित्त बाहेर असतील अशी तजवीज ठेवा, नाहीतर त्याची रिकामी जागाच बोट दाखवते.

तिसरं, ज्याने केलं त्यालाही आधी भेटा. हे बहुतेक जण विसरतात. त्याला न सांगता सगळ्यांसमोर बोललात तर तो आतून पेटतो आणि चहाच्या टपरीवर हुतात्मा होतो. ‘भाऊ, तुम्ही जे केलंत ते मला कळलं आहे. तुमची बाजू मी ऐकून घेतो. त्याचं जे काय व्हायचं ते वेगळं, लेखी होईल. उद्या मी लाईनशी बोलेन, तुमचं नाव येणार नाही. तुम्हीही त्यावर कोणाशी बोलायचं नाही, आणि त्या मुलाला भेटून “तक्रार केलीस का” असं विचारायचं नाही.’ एवढं पुरे. बारा वर्षांचा जुना सेटर, ज्याच्या हाताखाली अर्धी लाईन शिकली, तोही उद्या कामावर यायचा आहे. त्याची मान खाली घालून लाईनची मान वर होत नाही.

आणि हो, व्हिडिओची एक प्रत एचआरकडे जमा झाल्याशिवाय तो कोणाला पुसायला सांगू नका. पुरावा आधी, साफसफाई नंतर. प्रत मिळाली की ग्रुपच्या ॲडमिनला तो सगळ्यांसाठी डिलीट करायला लावा. ॲडमिनला ती सोय असते. दुसऱ्या ग्रुपवर, स्टेटसवर जे गेलं ते तुमच्या हातात नाही. तेवढं मान्य करा आणि त्या पोरालाही खरं तेच सांगा.

आता बोलणं. वेळ पाळी सुरू होताना, सुटताना नाही. सुटताना प्रत्येकाचं लक्ष बसकडे. जागा रोजच्या मीटिंगचीच, म्हणजे खास दरबार भरवल्यासारखं वाटणार नाही. फक्त त्या पोराच्या मशीनसमोर नको. उभे राहा, हातात कागद नको. त्या दोघांकडे बघू नका, आणि मुद्दाम टाळूही नका. आणि असं काहीसं बोला:

“मंडळी, पाच मिनिटं घेतो. आज टार्गेटचं बोलणार नाही.

“आपल्याकडे लाल टॅग असतो. तो जॉबला लागतो, माणसाला लागत नाही. आपल्या लाईनवर हा नियम मोडला गेला. मला ते कळलं आहे आणि मला ते चालणार नाही. कोणी आणि कोणाला, हे मी इथे बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका. ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्याशी वेगळं बोलणं झालंय. पुढचं जे व्हायचं ते नियमाने होईल, टपरीवर होणार नाही.

“चूक झाली तर चुकीवर बोलायचं. कडक बोला. ‘ऑफसेट चुकला, पहिला जॉब मोजला नाहीस, पुन्हा असं चालणार नाही,’ हे बोलायचा सेटरला पूर्ण अधिकार आहे आणि मी त्याच्या मागे उभा आहे. पण माणसाची अक्कल, त्याचं गाव, त्याची बोली, त्याची जात, अंगकाठी, घरदार, यावर बोलायचं नाही. कोणाला नाव पाडायचं नाही. कोणाचा व्हिडिओ काढायचा नाही.

“कोणाच्या मोबाइलमध्ये काही असेल तर आज चहाच्या सुट्टीत काढून टाका. कोणाकडे आहे, मी विचारणार नाही. उद्यापासून फिरताना दिसलं तर मात्र विचारीन.

“आणि जे नुसते बघत असतात त्यांना सांगतो. तुम्हाला भांडायचं नाहीये. ‘ए, बास झालं,’ एवढं म्हणा, आणि ज्याला त्रास होतोय त्याला कामाचं काहीतरी सांगून तिथून घेऊन जा. तेवढं तुमच्याकडून मला हवंय.

“ज्याला जॉबमध्ये शंका येईल त्याने मशीन थांबवून हाक मारायची. हाक मारल्याबद्दल इथे कोणी हसणार नाही. आजपासून बोर्डवरचा नावांचा रकाना मी काढतोय, रिजेक्शन मशीननिहाय लिहायचं. कोणाला माझ्याशी बोलायचं असेल तर चहाच्या वेळेला मी टूल स्टोअरपाशी असतो. चला, सुरू करू.”

बस, संपलं. ‘कोणाला काही प्रश्न?’ विचारू नका. विचारलंत की एखादा म्हणणारच, ‘साहेब, नक्की काय झालं ते तरी कळू द्या,’ आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळतील.

तुम्ही म्हणाल, वीस माणसांच्या लाईनवर नाव न घेऊन काय उपयोग? कोण, कोणाला, हे तर सगळ्यांना माहीतच आहे. बरोबर आहे, गुपित राखण्यासाठी हे नाहीच. नाव घेतलं की लाईनवरचा प्रत्येक जण न्यायाधीश होतो आणि सुटतो. ‘तो वाईट, तो बिचारा, मी कोण? मी तर बघत होतो.’ नाव नसलं की वाक्याचा रोख सगळ्यांवर राहतो. व्हिडिओ काढणारा, स्टिकर बनवणारा, हसणारी इमोजी टाकणारा, न बघितल्यासारखं करून गेलेला. शिवाय ‘काही अनिष्ट प्रकार घडले आहेत’ असलं गुळमुळीतही बोलायचं नाही, कारण मग कँटीनभर अफवा पिकतात. कृत्य नेमकं सांगायचं, माणसं झाकायची. ‘लाल टॅग जॉबला लागतो’ या एका वाक्यात ज्याला कळायचं त्याला सगळं कळतं.

नाव न घेण्याचं दुसरं कारण यापेक्षा मोठं आहे, आणि त्यासाठी जरा लांब जावं लागेल. २०१७ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, हवाई दलाच्या अकादमीशी जोडलेल्या पूर्वतयारी शाळेत, काही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या खोल्यांबाहेरच्या फलकांवर वर्णद्वेषी मजकूर लिहिलेला सापडला. अकादमीचे प्रमुख होते लेफ्टनंट जनरल जे सिल्व्हेरिया. त्यांनी सुमारे चार हजार कॅडेट्सना एकत्र उभं केलं, शिक्षक आणि अधिकाऱ्यांनाही भिंतीलगत उभं केलं, आणि पाचेक मिनिटं बोलले. कोणाचं नाव घेतलं नाही, कोणावर संशय घेतला नाही. मुद्दा एकच: दुसऱ्या माणसाशी सन्मानाने वागता येत नसेल, त्याचा वर्ण वेगळा असो, ती बाई असो, तर इथून चालतं व्हा. शेवटी त्यांनी सगळ्यांना आपापले फोन काढायला लावले आणि हे रेकॉर्ड करून जवळ ठेवा म्हणाले. ते भाषण जगभर फिरलं.

नोव्हेंबरात तपास पुरा झाला आणि निघालं असं की तो मजकूर, ज्यांना लक्ष्य केलं होतं त्यांच्यातल्याच एका विद्यार्थ्याने लिहिला होता. त्याने कबूल केलं, तो संस्थेतून गेला. आता क्षणभर विचार करा, सप्टेंबरात सिल्व्हेरियांनी एखाद्या गटाकडे, एखाद्या खोलीकडे बोट दाखवलं असतं तर? निरपराध पोरं आयुष्यभराचा डाग घेऊन गेली असती आणि संस्थेचं हसं झालं असतं. पण त्यांनी नियम सांगितला होता, आरोप केला नव्हता. म्हणून तपासाने सगळी गोष्ट उलटी केली तरी भाषणातलं एकही वाक्य मागे घ्यावं लागलं नाही.

तुमच्या शॉपमध्येही असंच होऊ शकतं. टॅग सेटरने अडकवला हे सगळ्यांनी पाहिलं, पण त्यावरचं अक्षर कोणाचं? व्हिडिओ ज्याच्या नंबरवरून आला त्यानेच काढला, की त्याचा फोन चार्जिंगला होता? पहिल्या चोवीस तासांत तुम्हाला जे माहीत असतं ते बहुधा अर्धं असतं. म्हणूनच पहिल्या चोवीस तासांत बोलायचं असेल तर नियमावरच बोला.

सिल्व्हेरियांच्या भाषणातली एक गोष्ट मात्र लाईनवर आणू नका: चालतं व्हा, ही भाषा. चार हजारांच्या सभागृहात ती कोणाच्याच अंगावर पडत नाही. वीस माणसांत ती थेट एकाच्या अंगावर पडते, आणि ठेकेदाराकडच्या पोराला वाटतं, चालतं व्हायची पाळी आपलीच आहे.

आणखी एक मोह टाळायचा आहे, जाहीर माफीचा. ‘चला, दोघं हात मिळवा, विषय संपला.’ आपल्याकडे हे फार लोकप्रिय आहे आणि मला ते क्रूर वाटतं. समोर वीस माणसं उभी असताना त्या पोराला ‘जाऊ द्या दादा’ म्हणण्यावाचून दुसरं उत्तरच नसतं. म्हणजे आधी त्याची फजिती सगळ्यांदेखत झाली आणि आता त्याची क्षमाही सगळ्यांदेखत वसूल केली. माफी मागायची असेल तर सेटरने आपणहून, एकट्यात, आणि उत्तराची अपेक्षा न धरता मागावी. तुम्ही ती घडवून आणायची नाही.

बोर्डाचं काय, ते सांगायला हवं, कारण या सगळ्याचं मूळ मला तिथे दिसतं. पुष्कळ शॉपमध्ये लाईनच्या तोंडाशी पांढरा बोर्ड असतो आणि त्यावर रोजच्या रिजेक्शनपुढे ऑपरेटरचं नाव लिहिलेलं असतं, बहुधा लाल मार्करने. हेतू चांगला, जबाबदारी ठरावी म्हणून. पण टॅग माणसाला लावायची कल्पना सेटरला आकाशातून सुचलेली नसते. बोर्डाने रोज तेच केलेलं असतं, सरकारी शिक्क्यानिशी. तुम्ही सन्मानावर बोललात आणि मागे बोर्डवर लाल अक्षरात नावं तशीच राहिली, तर माणसं बोर्डावर विश्वास ठेवतील. म्हणून ज्या दिवशी बोलाल त्याच दिवशी रकाना पुसा. मशीन नंबर लिहा, दोष लिहा, कारण लिहा: ऑफसेट नोंद चुकली, पहिला जॉब तपासला नाही. आणि शक्य असेल तिथे उपाय यंत्रातच करा. बऱ्याच सीएनसी कंट्रोलमध्ये एका वेळी किती ऑफसेट देता येईल याची मर्यादा घालता येते. ०.२ टाकला तर मशीनच घेणार नाही. त्या पोराची चूक ही खरं तर ही मर्यादा घालायची राहून गेल्याची खबर होती.

बोलून झाल्यावर पुढचे दोन-तीन आठवडे डोळे उघडे ठेवा. रोज लाईनवरून एक फेरी, आणि त्या पोरालाच नाही, चार जणांना विचारत जा, ‘आज काही अडलं का?’ काय बघायचं? हाका यायला लागल्या का ते बघा. आणि एका गोष्टीची आधीच तयारी ठेवा: रिजेक्शनचा आकडा वाढेल. घाबरू नका, आणि वरच्या साहेबांनाही आधीच सांगून ठेवा. नव्वदच्या दशकात एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधक बाईंनी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत औषधांच्या चुका कमी असतील अशी त्यांची अटकळ होती. आकडे उलटे आले. चांगल्या गटांतच चुका जास्त दिसल्या. उलगडा असा झाला की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, चुका बोलल्या जात होत्या. ओके क्रेटच्या तळाशी जाणारे जॉब आता लाल डब्यात पडू लागले, तर तुमचं बोलणं पोचलं म्हणायचं.

आणि पुन्हा घडलं तर? तर पुन्हा भाषण नाही. दुसऱ्यांदा केलेलं भाषण म्हणजे पहिलं फुकट गेल्याची जाहिरात. तिथे स्थायी आदेश आहेत, शिस्तभंगाची तरतूद आहे. लेखी ताकीद, आरोपपत्र, चौकशी, त्याच्या बाजूने बोलायला सहकारी, सगळं रीतीने. माणूस कितीही हुशार सेटर असला तरी. ‘तो गेला तर लाईन बंद पडेल’ म्हणून ज्याला सोडता, तो लाईनचा मालक होतो आणि तुम्ही त्याचे मुकादम.

एक शेवटची गाठ सोडवायची राहते. बोलणं कोणासमोर करायचं? अनेक ठिकाणी मीटिंगला उभे राहतात ते कायम कामगार. ठेकेदाराची माणसं, ट्रेनी, हाउसकीपिंगच्या मावशी, लोडिंगवाला, ही सगळी ‘आपली’ नसतात, म्हणून ती झाडू मारत, क्रेट ओढत राहतात. पण टॅग लागतो तो यांच्याच पाठीला. त्यांना रांगेत घ्या. ठेकेदाराच्या सुपरवायझरलाही बोलावून उभं करा, आणि त्याच्यादेखत सांगा की तक्रार केली म्हणून इथला एकही माणूस बदलला जाणार नाही. मग उद्या सकाळी पंचिंग झालं की मशीन चालू करायच्या आधी कन्व्हेअर थांबवा, सगळ्यांना जवळ बोलवा, आणि बोला.